व्हॉट्सॲपवर टाइप केलेलं बिल रकान्यांत कसं बसवायचं?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. एक जुना सप्लायर माल पाठवला की बिलाच्या ओळी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवतो. छापील बिल चार-आठ दिवसांनी ट्रकबरोबर येतं. तोवर मला स्टॉक आणि खरेदीचा भाव नोंदवायचा असतो. वस्तू, नग, दर, कराचा टक्का आणि ओळीची रक्कम असे पाच रकाने मला हवेत. ओळी शीटमध्ये पेस्ट करून जागेवर तोडल्या, तर प्रत्येक ओळीचे तुकडे वेगळ्याच रकान्यांत पडतात. अर्ध्या इंची पाइपच्या रांगेत तर चक्क तारीख उमटली. हाताने भरायला वेळ नाही. काय करावं?

उत्तर : तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या बिलातल्या चार ओळी पुरेशा बोलक्या आहेत, त्याच घेऊन पुढे जाऊ.

```
ओपीसी सिमेंट 50kg 20 बॅग @ 360 18% 8496
पीव्हीसी पाईप 1/2 इंच 10 ft 24 नग @ 85 18% 2407.20
डिस्टेंपर 10 ltr 2 डबे @ 1,150 18% 2,300
खिळे 2 इंच 2.5 kg @ 80 18% 200
```

खाली सप्लायरने ‘एकूण 13817’ असं लिहिलंय. ती रक्कम विसरू नका, पुढे तिच्यावरच निकाल लागणार आहे.

जागेवर तोडणं का फसतं ते या चार ओळींतच दिसतं. सिमेंटच्या ओळीत नग मोजायच्या आधी दोन शब्द आणि ‘50kg’ आहे, पाइपच्या ओळीत त्याआधी दोन शब्द आणि मापाचे चार तुकडे आहेत, तर खिळ्यांच्या ओळीत एक शब्द आणि मापाचे दोन तुकडे आहेत. म्हणजे डावीकडून मोजायला गेलं तर नग कधी चौथा तुकडा, कधी सातवा. त्यातून हार्डवेअरच्या वस्तूच्या नावात आकडा नसेल असं क्वचितच होतं. पोत्याचं वजन, पाइपचा व्यास, वायरची जाडी हे सगळं नावाचाच भाग. पहिला आकडा दिसला की तो नग, असं धरलं तर तुमच्या स्टॉकला सिमेंटची पन्नास पोती लागतील. आणि ती तारीख? ‘1/2’ हा तुकडा एकटा पडला की शीट त्याला १ फेब्रुवारी समजतं. एकदा तसं झालं की मूळ ‘1/2’ त्या खान्यातून गेलेलं असतं. नंतर खान्याचा प्रकार बदलून ते परत येत नाही, एक पाच आकडी संख्या तेवढी दिसते.

म्हणून ओळ उजवीकडून वाचायची. शेवटचा आकडा रक्कम. त्याच्या आधीचा, टक्क्याचं चिन्ह असलेला, कर. ‘@’च्या पुढचा आकडा दर. ‘@’च्या मागचा सगळ्यात जवळचा आकडा नग, आणि त्या दोहोंमध्ये जो शब्द असेल ते एकक. एवढं काढून घेतल्यावर डावीकडे जे उरतं ते वस्तूचं नाव. त्यात कितीही आकडे असोत, आपल्याला त्याच्याशी काही घेणं नाही. माणूस टाइप करताना नावात हवा तेवढा पसारा करतो, पण शेवटच्या चार गोष्टींचा क्रम सहसा मोडत नाही. तुमच्या सप्लायरनेही मोडलेला नाही.

गूगल शीट्समध्ये हे वाचन एका सूत्रात बसतं. सगळ्या ओळी `A2` पासून खाली पेस्ट करा, एका खान्यात एक ओळ, तोडायची नाही. मग `B2` मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=REGEXEXTRACT(TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," ")),
"^(.+)\s+([\d.,]+)\s*(\D*?)\s*@\s*([\d.,]+)\s+([\d.]+)\s*%\s+([\d.,]+)$")
```

कंसांच्या सहा जोड्या आहेत, त्यांचे सहा रकाने आपोआप `B` पासून `G` पर्यंत पसरतात: नाव, नग, एकक, दर, कर, रक्कम. तुम्ही पाच मागितले होते, सहावा एककाचा मी मुद्दाम घातलाय. खिळे किलोवर येतात आणि पाइप नगावर. उद्या खिळे पाकिटावर आले तर दर एकदम निराळा दिसेल आणि कारण कळणार नाही.

सूत्रातली खरी कामाची जागा पहिली, `(.+)`. ही जोडी हावरट आहे. आधी अख्खी ओळ गिळते आणि बाकीच्यांना जागा मिळावी म्हणून उजवीकडून एकेक अक्षर सोडत मागे येते. ‘@’च्या मागचा पहिला आकडा सापडला की तिथेच थांबते. त्यामुळे ‘10 ft 24 नग’ मधले २४ नग ठरतात आणि १० फूट नावात राहतात. `CHAR(160)` चा तुकडा दिसायला क्षुल्लक आहे, पण मेसेजमधून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी जागेसारखं दिसणारं पण जागा नसलेलं एक अक्षर येतं. `TRIM` ला ते दिसत नाही आणि दिसायला बरोबर असलेली ओळ सूत्राला जुळत नाही. ते आधी साध्या जागेत बदलून घेतलं की झालं.

आणखी दोन गोष्टी पेस्ट केल्यावर लगेच बघायच्या. सप्लायर कधी मराठी आकडे टाइप करत असेल, तर सूत्रातला `\d` फक्त 0 ते 9 ओळखतो, ० ते ९ नाही. `A` रकाना निवडून ‘शोधा आणि बदला’मधून दहा आकडे बदलून घ्या. आणि दरापुढे ‘360/-’ असं असेल तर ‘/-’ ही जोडी काढून टाका. नुसती तिरपी रेघ काढू नका, नाहीतर अर्ध्या इंचाचा पाइप बारा इंचाचा होईल.

एखादी ओळ जुळली नाही तर `#N/A` दिसेल. ते झाकायचा मोह होतो, `IFERROR` लावून खाना कोरा ठेवला की शीट देखणं दिसतं. तसं करू नका. नाव लांब म्हणून दोन ओळींत टाइप झालेली वस्तू, ‘@’ विसरलेली ओळ, मध्येच लिहिलेला ‘भाडं वेगळं’ असा शेरा हे सगळं `#N/A` मध्येच सापडतं. तेवढ्या ओळी डोळ्यांनी बघून हाताने दुरुस्त करा.

आता एक खाच. `REGEXEXTRACT` जे देतं ते आकड्यासारखं दिसलं तरी शीटच्या लेखी मजकूर असतो. त्याचा गुणाकार होतो, पण `SUM` लावलं की मजकूर मोजलाच जात नाही आणि बेरीज शून्य येते. म्हणून दुसऱ्या शीटवर तुमचे पाच रकाने मांडताना प्रत्येक आकडा असा आणा, म्हणजे स्वल्पविरामही निघून जातात:

```
=VALUE(SUBSTITUTE(Sheet1!C2,",",""))
```

इथे `A` मध्ये वस्तू, `B` नग, `C` दर, `D` कर, `E` रक्कम. एककाला `G` द्या, कारण `F` मला तपासणीसाठी हवाय.

इथवरचं काम यांत्रिक आहे. ओळ रकान्यांत बसली म्हणजे ती बरोबर बसली असं नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात खरं डोकं लावायचं ते इथे. नशीब असं की बिलाची ओळ स्वतःचा पुरावा स्वतःच सोबत आणते. चार आकड्यांपैकी तीन माहीत असले की चौथा ठरलेला असतो:

```
=ROUND(B2*C2*(1+D2/100),2)-E2
```

तुमच्या चार ओळींवर हे चालवलं की सिमेंटला शून्य येतं: २० गुणिले ३६० म्हणजे ७,२००, त्यावर १८ टक्के धरून ८,४९६. पाइपलाही शून्य. डिस्टेंपरला मात्र ४१४ येतात आणि खिळ्यांना ३६.

हा फरक नुसता ‘चूक’ म्हणून लाल रंगवून सोडू नका, त्याचा आकडा वाचा. ४१४ म्हणजे २,३००चे बरोबर १८ टक्के, आणि ३६ म्हणजे २००चे १८ टक्के. नग किंवा दर चुकीचा वाचला असता तर फरक असा नेमका आला नसता. याचा अर्थ दोन्ही ओळींत नग गुणिले दर एवढंच रक्कम म्हणून लिहिलंय. पण का लिहिलंय, याची दोन उत्तरं होतात. एक तर सप्लायरने कराआधीची रक्कम लिहिली आणि कर वरून लागणार आहे, किंवा त्याने सांगितलेल्या दरातच कर धरलेला आहे. निव्वळ ती ओळ बघून यातलं कुठलं खरं ते कुणालाच सांगता येणार नाही. रोजचा सप्लायर आहे, त्याची सवय माहीत आहे, म्हणून दोन्ही ओळींना एकच नियम लावायला जाल तर फसाल.

इथे खालचे १३,८१७ कामाला येतात. सिमेंट आणि पाइप मिळून १०,९०३.२० झाले, त्यात वाद नाही. डिस्टेंपर २,३०० किंवा २,७१४, खिळे २०० किंवा २३६, अशा चार जोड्या होतात:

| डिस्टेंपर | खिळे | बिलाची बेरीज |
|---|---|---|
| 2300 | 200 | 13403.20 |
| 2300 | 236 | 13439.20 |
| 2714 | 200 | 13817.20 |
| 2714 | 236 | 13853.20 |

वीस पैशांचा राउंड ऑफ सोडला तर तिसरी जोडी जुळते. म्हणजे डिस्टेंपरवर कर वरून आहे आणि खिळ्यांचा ८० रुपये किलो हा दर करासहित आहे. खिळे दुकानात सुटे विकले जातात, त्यांचा भाव तोंडी सांगताना करासकटच सांगतात, त्यामुळे सप्लायरच्या बोटांवरही तोच आला असणार. याउलट डिस्टेंपरचा दर त्याने कंपनीच्या यादीतून उचललेला दिसतो.

हे ठरवणं म्हणजे नुसता कागदी घोळ नव्हे. डिस्टेंपरचे २,३०० करासहित समजून नोंदवले असते, तर मूळ किंमत १,९४९.१५ आणि कर ३५०.८५ पडला असता. खरा कर ४१४. एका ओळीत ६३ रुपयांचं इनपुट क्रेडिट कमी धरलं गेलं असतं आणि डब्याचा भावही खोटा पडला असता. उलट खिळ्यांवर कर पुन्हा चढवला असता तर भाव फुगला असता. क्रेडिट घ्यायचं ते अर्थात छापील बिलावरूनच. पण GSTR-2B मध्ये बिल दिसतं, वस्तूवार ओळी दिसत नाहीत, त्यामुळे कुठल्या डब्यामागे किती कर गेला हे तिथून कळणार नाही, त्याची नोंद तुमच्या शीटमध्येच हवी.

आता दुरुस्ती. डिस्टेंपरच्या ओळीत रक्कम २,७१४ करा, बाकी तसंच. खिळ्यांच्या ओळीत रक्कम २०० ठेवा आणि दर बदला: ८० भागिले १.१८ म्हणजे ६७.७९६६. हे चार दशांश तसेच राहू द्या. ६७.८० लिहिलंत तर अडीच किलोला २००.०१ येतात, एक पैशाचा फरक, सोडून देता येतो. पण तोच हिशेब हजार नगांना लावला तर दरातला अर्ध्या पैशापर्यंतचा फरक हजारपट होऊन करासकट पाच रुपये नव्वद पैशांपर्यंत जातो आणि तपासणीचा रकाना उगाच बोंब मारतो. नग जास्त असलेल्या ओळीत थोडासा फरक दिसला की आधी दराचे दशांश बघा, मगच सप्लायरला फोन लावा.

कराचा टक्का टाइप करायचाच राहून गेला, तर तोही याच गणिताने निघतो. पाइपच्या ओळीत रक्कम २,४०७.२० भागिले २,०४० म्हणजे १.१८, कर १८ टक्के. उत्तर स्वच्छ आलं तरच विश्वास ठेवा. समजा ते १.१२१ आलं. घाईत कुणी १२ टक्के म्हणून मोकळा होईल. पण पाच टक्के सूट देऊन मग १८ टक्के कर लावला तरी ०.९५ गुणिले १.१८ म्हणजे १.१२१च येतं. जुन्या बिलांत १२चा टप्पा होताच, त्यामुळे ही गल्लत अगदी सहज होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८चे टप्पे बहुतेक मालावरून गेले, सिमेंटही २८वरून १८वर आलं. तेव्हा त्यानंतरच्या बिलात १२च्या आसपासचं काही दिसलं, तर विटांसारखे थोडे अपवाद सोडून आधी सूट शोधा. तसंच ९ टक्के असा आकडा दिसला तर तो नुसता सीजीएसटीचा अर्धा हिस्सा आहे. एसजीएसटीचे ९ त्याने लिहिले नाहीत किंवा गृहीत धरले. रकान्यात १८ घाला.

या तपासणीला एक गोष्ट अजिबात पकडता येत नाही, ती सांगून ठेवतो. ‘वॉशर 5 @ 200 18% 1180’ अशी ओळ आली तर सूत्र पाच नग आणि दर दोनशे असं वाचेल आणि फरक शून्य दाखवेल. वॉशर दोनशे रुपयांना एक मिळत नाही हे तुम्हाला कळतं, गुणाकाराला कळत नाही. आकडे इकडचे तिकडे केले तरी उत्तर तेच. सप्लायरने दर आधी आणि नग नंतर टाइप केले की हे होतं. यावर उपाय एकच: वस्तूंची एक यादी करून मागच्या खरेदीचा दर शेजारी ठेवा आणि नवा दर त्याच्या दुप्पट किंवा निम्म्याहून पलीकडे गेला की ती रांग थांबवा. किलो आणि पाकिटाची गल्लतही त्याच चाळणीत अडकते.

प्रश्न : मी किराणा दुकानाचे हिशेब लिहितो. आमच्या सप्लायरच्या ओळींत ‘@’ नसतं, ‘x’ असतो, आणि मापातही ‘x’ असतो. ‘ट्रे 6 x 4 इंच 10 x 120 18% 1416’ असं. यातला कुठला ‘x’ गुणाकाराचा ते सूत्राला कसं कळणार?

उत्तर : वरच्याच सूत्रात ‘@’च्या जागी `x` लिहा. नाव उजवीकडून सोडत मागे येत असल्यामुळे शेवटचा ‘x’ आपसूक गुणाकाराचा ठरतो आणि ‘6 x 4 इंच’ नावातच राहतं. १० गुणिले १२० म्हणजे १,२००, करासह १,४१६, जुळलं. मात्र सप्लायरने माप शेवटी लिहिलं, म्हणजे ‘10 x 120 18% 1416 (6 x 4)’, तर ओळ जुळणार नाही आणि `#N/A` येईल. ते बरंच आहे. तसंच त्याने काही ओळींत ‘x’ आणि काहींत ‘×’ हे चिन्ह वापरलं असेल तर आधी सगळे एकसारखे करून घ्या.

प्रश्न : सगळ्या ओळी बरोबर असूनही बेरीज वीस-तीस पैशांनी चुकते. शीटमध्ये काय दाखवावं?

उत्तर : सप्लायरने बिल पूर्ण रुपयात आणलेलं असतं. पहिल्या वाचकांच्या बिलात ओळींची बेरीज १३,८१७.२० आहे आणि त्याने १३,८१७ घेतले. शेवटी ‘राउंड ऑफ’ नावाची एक स्वतंत्र रांग करा. नग, दर आणि कर कोरे ठेवून रक्कम -0.20 लिहा. एखाद्या वस्तूचा दर वीस पैशांसाठी वाकवला तर त्या ओळीची तपासणी बिघडते आणि पुढच्या महिन्यात भाव का बदलला हे शोधत बसावं लागतं. राउंड ऑफचा फरक पन्नास पैशांहून जास्त निघाला तर तो राउंड ऑफ नाही. कुठलीतरी ओळ चुकली आहे किंवा हमालीसारखी रक्कम ओळींत न लिहिता बेरजेत धरली आहे.